धूर तेवढाच कमी, पण खर्च एक तृतीयांशाहून कमी : प्रदूषण परवान्यांच्या बाजाराचं गणित

राजूरचा गणपती जसा प्रसिद्ध, तशाच जालन्याच्या लोखंडी सळया. या सळयांच्या कारखान्यांचंच एक उदाहरण घेऊ. आकडे काल्पनिक आहेत.

समजा, 'अ' आणि 'ब' असे दोन कारखाने रोज प्रत्येकी 100 किलो धूळ हवेत सोडतात. सरकारला त्यात एकूण 40 किलोंची घट हवी आहे. 'अ' ची यंत्रणा नवी, त्याला एक किलो धूळ रोखायला 10 रुपये लागतात. 'ब' जुना, त्याला 60 रुपये लागतात.

सगळ्यांना एकच नियम

दोघांनी 20-20 किलो कमी करायचं ठरलं, तर 'अ' ला 200 आणि 'ब' ला 1200 रुपये लागतील. एकूण 1400.

परवाने विकता आले तर?

आता दोघांना 80-80 किलोंचे परवाने द्या आणि त्यांची खरेदी-विक्री खुली करा. 'अ' 40 किलो धूळ रोखतो आणि उरलेले 20 परवाने 30 रुपयांच्या भावाने 'ब' ला विकतो. 'ब' 1200 ऐवजी 600 रुपयांत सुटतो. 'अ' ला 600 रुपये मिळतात, त्याचा जास्तीचा खर्च फक्त 200. धूळ रोखण्याचा एकूण खर्च 400 रुपये, आणि हवेतली धूळ तेवढीच कमी! दोघांचा खर्च सारखाच असता, तर या व्यवहारातून काहीच वाचलं नसतं.

मग सरळ कर का नको?

करानेही हेच साधतं. किलोमागे 30 रुपये कर लावला, तर 'अ' धूळ रोखेल, 'ब' कर भरेल. अडचण दराची आहे. कर 5 रुपये ठेवला तर कुणीच हलणार नाही. कारखान्यांचा खरा खर्च सरकारला माहीत नसतो, त्यामुळे धूळ नेमकी किती घटेल ते आधी सांगता येत नाही. करात भाव ठरलेला असतो, धूळ नाही. परवान्यांत धुळीची मर्यादा ठरलेली असते, भाव बाजार ठरवतो.

सुरतमध्ये काय झालं?

गुजरातने 2019 मध्ये सुरतच्या कारखान्यांसाठी धुळीच्या परवान्यांचा असा बाजार सुरू केला. बहुतेक कारखाने कापड उद्योगातले होते. परवान्याचा भाव किलोमागे 5 ते 100 रुपयांच्या आतच राहील, असं बंधन होतं. बाजारात नसलेल्या कारखान्यांच्या तुलनेत इथली धूळ 20 ते 30 टक्के कमी झाली.

मेख कुठे आहे?

चिमणीवरच्या मापन यंत्रांचे आकडे खोटे असतील, तर परवान्याला अर्थ नाही. आणि एकूण धूळ घटली, तरी परवाने विकत घेणाऱ्या 'ब' च्या शेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला पूर्वीइतकीच धूळ येते. म्हणून अशा बाजारासोबत प्रत्येक चिमणीची कमाल मर्यादाही कायम ठेवावी लागते.