फोन केला तर घरी कळेल का?

समजा, एकोणीस वर्षांची एक मुलगी बीडला वसतिगृहात राहून शिकते आहे. आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेत. दोन महिने तिला झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही. तिची ठाम समजूत आहे की मानसोपचार म्हणजे दर खेपेला हजार-दीड हजार रुपये, आणि कुणाजवळ बोललं की गावभर बोभाटा.

पैशांचं आधी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीडचं जिल्हा रुग्णालय त्यातच येतं. केसपेपर काढताना ‘मानसोपचार विभाग’ म्हणायचं, एवढंच. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे तिथलं शुल्क आधी विचारून घ्यावं. एक अडचण खरी आहे: सरकारी ओपीडीत गर्दी असते आणि डॉक्टर काही मिनिटांत गोळ्या लिहून मोकळे होतात. अशा वेळी ‘मला समुपदेशकाशीही बोलायचं आहे’ असं स्पष्ट सांगावं. न मागता ते मिळेलच असं नाही.

ओपीडीत ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल, तर सुरुवात फोनने करता येते. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि पैसे लागत नाहीत. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक मराठीत बोलतो. गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळचं सरकारी केंद्र सांगतो. नाव सांगायचं नसेल तर तसं म्हणावं. मोबाइल घरातले इतरही वापरत असतील, तर बोलून झाल्यावर कॉल यादीतून क्रमांक काढून टाकावा. घरी कळण्याची शक्यता खरी तिथेच असते.

गोपनीयता ही डॉक्टरची मेहरबानी नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने तो रुग्णाचा हक्क केला आहे. अपवाद मोजकेच आहेत, त्यात जिवाला धोका हा मुख्य. वय अठराच्या आत असेल तर मात्र पालकांना सामील करावं लागतं.

राहिलं कॉलेज. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आदेश दिला की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. पण कुठे कुठे वर्गावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडेच हे काम सोपवलेलं असतं. म्हणून मन मोकळं करण्याआधी विचारा: ‘मी बोलेन ते प्राचार्यांना किंवा घरी सांगणार का?’ उत्तर गोलमोल आलं तर तिथे थांबा आणि फोन लावा.

जीव नकोसा झाला असेल, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. खोलीतल्या एकीला उठवा, तिला शेजारी बसवा आणि आत्ताच १४४१६ लावा.