अमेरिकेचा कप, आपला काटा

परदेशी पाककृतीच्या पुस्तकासाठी आता शब्दकोश काढावा लागत नाही. मोबाइलचा कॅमेरा पानावर धरला की मराठी अक्षरं उमटतात आणि ती बहुतेकदा कळण्याजोगी असतात. तरीही त्यावरून केलेला केक बसतो, नाहीतर वरून करपून मधे कच्चा राहतो. कारण पान मराठीत आलं, तरी त्यातला कप, ताक, लोणी आणि भट्टीचे अंश अमेरिकेतलेच असतात. ते आपल्या ओट्यावर आणण्याचं काम कॅमेरा करत नाही. ते कागद-पेन्सिल घेऊन आपणच करायचं असतं.

उदाहरणादाखल बनाना ब्रेडचं पान घेऊ. नावात ब्रेड असला तरी हा केळ्याचा केकच. यीस्ट नाही की मळणं नाही. अमेरिकन पुस्तकात साहित्य साधारण असं असतं: दोन कप मैदा, एक टीस्पून बेकिंग सोडा, पाव टीस्पून मीठ, लोण्याची एक कांडी, दाबून भरलेली पाऊण कप ब्राउन शुगर, दोन मोठी अंडी, तीन पिकलेली केळी आणि एक तृतीयांश कप बटरमिल्क. नऊ बाय पाच इंचांचा लांबट डबा, 350 अंश, एक तास.

आधी फोटो तपासायचा. पान सपाट धरून दिवसाउजेडी फोटो काढला तरी तीन जागा हमखास दगा देतात. पहिली अपूर्णांकाची. छापील ‘1 1/2’ हे ‘11/2’ असं वाचलं जातं आणि दीड कपाचे साडेपाच कप होतात. दुसरी जागा अंशाच्या चिन्हाची. ते छोटं वर्तुळ शून्य समजलं गेलं की 350 चे 3500 होतात. हा घोटाळा निदान लगेच दिसतो. तिसरा दिसत नाही. इंग्रजीत टीस्पून आणि टेबलस्पून ही दोन वेगळी मापं आहेत, 5 मिलिलिटर आणि 15 मिलिलिटर. मराठीत उतरताना दोन्हींचा नुसता ‘चमचा’ होतो. साखरेच्या बाबतीत फारसं बिघडत नाही, पण सोडा तिप्पट पडला तर केक काळपट होतो आणि जिभेवर साबणासारखी कडवट चव राहते. म्हणून शब्द मराठीतले वाचावेत, आकडे आणि मापं मात्र मूळ पानावरूनच उतरवून घ्यावीत.

याच वेळी स्वल्पविरामही पाहून घ्यावा. ‘एक कप अक्रोड, चिरलेले’ म्हणजे आधी कप भरायचा आणि मग अक्रोड चिरायचे. ‘एक कप चिरलेले अक्रोड’ म्हणजे आधी चिरायचे आणि मग कप भरायचा. दुसऱ्या रीतीने कपात जास्त अक्रोड मावतात. मैदा चाळण्याचंही तसंच: चाळलेला मैदा फुगतो, त्यामुळे कपात कमी बसतो. भाषांतरात ही दोन्ही वाक्यं बहुधा एकसारखी होतात.

आता कप. मोजून, वर सपाट करून भरलेला कप ही अमेरिकन घरात रुळलेली पद्धत. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांनी 1896 साली काढलेल्या पुस्तकातून ती घरोघर पोचली. हा कप सुमारे 237 मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियातला 250 चा, जपानमधला 200 चा. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कपांवर 240 किंवा 250 लिहिलेलं असतं. एवढ्या फरकाने केक बिघडत नाही. तो बिघडतो कप भरण्याच्या पद्धतीमुळे. मैद्याच्या डब्यात कप खुपसून भरला तर मैदा दाबला जातो; चमच्याने हलकेच भरून वर सुरी फिरवली तर कितीतरी कमी भरतो. किंग आर्थर ही अमेरिकन पीठ कंपनी एका कपात 120 ग्रॅम मैदा धरते, तर अमेरिकाज टेस्ट किचन 142 ग्रॅम धरतं. दोन कपांमागे 44 ग्रॅमचा फरक पडतो. तेवढ्यावर ओलसर केक आणि भुकणा केक यांतला निकाल ठरू शकतो. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर कप कसा भरायचा हे बहुधा दिलेलं असतं. त्या पानाचाही फोटो काढावा. काही सांगितलं नसेल तर 125 ग्रॅम धरून चालावं.

मग घरातली वाटी चालेल का? सगळं साहित्य कपातच असतं, तर प्रमाण जुळल्यामुळे कुठलीही वाटी चालली असती. पण अंडं वाटीबरोबर लहान-मोठं होत नाही, लोण्याची कांडीही नाही. दीडशे मिलिलिटरच्या वाटीने मैदा मोजून त्यात दोन अंडी आणि अख्खी कांडी घातली, तर पीठ पातळ आणि तुपकट होणारच. म्हणून ही पाककृती एकदा ग्रॅममध्ये लिहून काढणं सोयीचं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा त्याला पुरतो.

लिहून काढू. मैदा 250 ग्रॅम. अमेरिकेत लोणी 113 ग्रॅमच्या कांड्यांत मिळतं आणि ‘एक कांडी’ हे तिथे मापच आहे. आपल्याकडची 100 ग्रॅमची वडी आणि वर एक सपाट टेबलस्पून म्हणजे तेवढंच झालं. आपलं नेहमीचं पिवळं लोणी खारट असतं, तर बेकिंगच्या अमेरिकन पाककृती बहुधा बिनमिठाचं लोणी धरून लिहिलेल्या असतात. खारट लोणी वापरलं तर पानावरचं पाव टीस्पून मीठ गाळावं. ‘खोलीच्या तापमानाचं लोणी’ ही सूचनाही तिकडच्या विशीतल्या तापमानाची. मे महिन्यात पुण्या-नागपुरात तासभर बाहेर ठेवलेलं लोणी वितळून तेल होतं, मग फेटताना त्यात हवा धरत नाही. बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण वर चकाकी नसावी, एवढंच मऊ हवं.

मोठं अमेरिकन अंडं फोडल्यावर सुमारे 50 ग्रॅम भरतं. आपली अंडी बऱ्याचदा लहान असतात, म्हणून दोन अंडी मोजण्यापेक्षा फोडून 100 ग्रॅम वजन करावं. केळ्यांचंही तेच. अमेरिकन बाजारातलं केळं कॅव्हेंडिश गटातलं, सोलून साधारण 115 ते 120 ग्रॅमचं. जळगावकडून येणारी ग्रँड नैन केळी त्याच गटातली, त्यामुळे तीन केळी म्हणजे तीन केळी. पण फळीवर वेलची केळी असतील तर तिनांत काहीच होणार नाही. सोललेला 350 ग्रॅम गर घ्यावा, मग केळी कितीही लागोत.

खरी गंमत पुढच्या तीन वस्तूंत आहे. अमेरिकन बटरमिल्क म्हणजे दुधाला विरजण लावून केलेलं, ओतता येईल इतपत दाट आणि आंबट पेय. भाषांतरात त्याचं ‘ताक’ होतं आणि आपण पाणीदार ताक ओततो. एक तृतीयांश कप म्हणजे 80 मिलिलिटर. त्यासाठी 60 ग्रॅम आंबटसर दही आणि 20 मिलिलिटर पाणी घुसळून घ्यावं. आंबटपणा इथे चवीपुरता नाही. सोडा आम्लाशी भिडला की वायू सुटतो आणि त्याने केक फुगतो. दही गोड असेल तर अर्धा चमचा लिंबाचा रस पिळावा.

ब्राउन शुगर म्हणजे उसाची काकवी मुरलेली ओलसर साखर. म्हणूनच ती कपात दाबून भरतात; पाऊण कप साधारण 160 ग्रॅम होते. आपल्याकडे त्या नावाने कोरडी, दाणेदार साखरही मिळते. ती दाबली जात नाही आणि केकला ओलावा देत नाही. त्याऐवजी 110 ग्रॅम साखर आणि 50 ग्रॅम बारीक केलेला गूळ घ्यावा. सगळा गूळच घातला तर केक जड होतो आणि केळ्याची चव मागे पडते.

तिसरी वस्तू सोडा. बेकिंग सोडा म्हणजे आपला खायचा सोडा. बेकिंग पावडर वेगळी. तिच्यात सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं, त्यामुळे सोड्याची ताकद तिच्यापेक्षा तीन-चार पट असते. एकाऐवजी दुसरं सारख्याच मापाने घालता येत नाही. नावांचा असाच गोंधळ मक्याच्या पिठाचाही होतो. अमेरिकन ‘कॉर्नस्टार्च’ म्हणजे आपण रस दाट करायला वापरतो तो पांढरा कॉर्नफ्लोअर, तर ‘कॉर्नमील’ म्हणजे मक्याची रवाळ भरड. भाषांतरात दोन्हींचं ‘मक्याचं पीठ’ होऊ शकतं.

आता भट्टी. अमेरिकन पुस्तकातले अंश फॅरेनहाइटचे. 350 मधून 32 वजा केले की 318 उरतात. त्यांना 5 ने गुणून 9 ने भागलं की साधारण 177 येतात. ओटीजीचा काटा 175 वर ठेवावा. याच हिशेबाने 325 म्हणजे 165, 375 म्हणजे 190 आणि 400 म्हणजे 205. पंखा फिरणारी कन्व्हेक्शन भट्टी असेल तर आणखी 15-20 अंश उतरवावेत, कारण फिरती हवा वरची पापडी लवकर भाजते.

काट्यावर 175 दिसलं म्हणजे आत 175 असतंच असं नाही. छोट्या ओटीजीत वीस-तीस अंशांची तफावत सहज असते. लाल दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे हवा तापली. भिंती आणि जाळी तापायला आणखी दहा मिनिटं लागतात. शंका असेल तर जाळीवर ठेवायचा भट्टीचा तापमापक घ्यावा. तो नसेल तर केकच सांगतो. पंचवीस मिनिटांत वर गडद तपकिरी रंग आला आणि मधे पीठ थरथरत असेल, तर भट्टी जास्त तापलेली आहे किंवा डबा वरच्या कांबीला फार जवळ आहे. जाळी एक खण खाली आणून वर फॉइल ठेवावी. तासाभरानेही रंग फिकट आणि माथा सपाट राहिला, तर आच कमी पडते आहे.

डबाही मोजावा. पानावरच्या नऊ बाय पाच इंचांच्या डब्यात काठोकाठ सुमारे 1.9 लिटर पाणी मावतं. आपल्याकडचे बरेच डबे लहान असतात. डबा दोन तृतीयांश भरावा आणि उरलेलं पीठ कपकेकच्या साच्यांत ओतावं. ते अर्ध्याहून कमी वेळात होतात. कुकरमध्ये किंवा कढईत मीठ पसरून केक करायचा असेल तर लांबट डबा नको, पसरट गोल डबा घ्यावा, कारण तिथे आच खालून येते आणि जाड केकचा मधला भाग मागे राहतो.

पन्नासाव्या मिनिटाला मधोमध विणायची सुई खुपसून पाहावी. ओलं पीठ चिकटून आलं तर दर पाच मिनिटांनी पुन्हा पाहावं. दोन-चार ओले कण आले तर केक झाला. शेवटी ग्रॅममधलं साहित्य, आपल्या भट्टीचा काटा आणि लागलेली मिनिटं एका चिठ्ठीवर लिहून त्या पानाला टाचून ठेवावी. पुढच्या वेळी काही बदलायचं असेल तर एकच गोष्ट बदलावी, साहित्य तरी किंवा आच तरी. दोन्ही एकदम बदललं तर चूक कशात झाली ते कळत नाही.