टाळीचा हिशेब

सामान हलवून रिकाम्या केलेल्या खोलीत एकदा टाळी वाजवून पाहा. टाळी थांबते, पण आवाज थांबत नाही. तो भिंतींवर आपटत फिरतो, दर फेरीला थोडा थकतो आणि मग विरतो. इंजिनिअर लोक एखाद्या यंत्रणेची ओळख करून घेतात ती अशीच. आत एकच क्षणभराचा ठोका सोडायचा आणि बाहेर केव्हा किती येतं ते क्रमाने टिपायचं. या नोंदीला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. यंत्रणेत फक्त बेरजा, ठरावीक गुणाकार आणि उशीर एवढंच असेल, तर या एका नोंदीवरून कोणत्याही आवाजाचं काय होईल ते काढता येतं, कारण कोणताही आवाज म्हणजे लहानमोठ्या ठोक्यांची रांगच असते.

हे मी ज्या उदाहरणावरून सांगणार आहे ते अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं आहे. तिथल्या बेल लॅब्जमध्ये मॅनफ्रेड श्रोडर आणि बेन लोगन यांना खोलीशिवाय खोलीसारखा घुमारा तयार करायचा होता. त्या काळी स्टुडिओत त्यासाठी एक उघडीबोडकी खोली राखून ठेवत. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. लोगन स्वतः नावाजलेला फिडलवादक होता, त्यामुळे घुमाऱ्यातलं बरंवाईट त्याच्या कानाला चांगलं कळत असणार. १९६१ साली दोघांनी जी रचना प्रसिद्ध केली, ती आजही डिजिटल घुमाऱ्यात सापडते.

पहिली कल्पना कुणालाही सुचेल अशी होती. एक ॲडर घ्या, म्हणजे येणाऱ्या गोष्टींची बेरीज करणारा गोल. त्याचं उत्तर बाहेर सोडा, आणि त्याच उत्तराची एक प्रत डिलेच्या खोक्यातून थोडी उशिरा, अर्धी करून, त्याच ॲडरमध्ये परत आणा. ठोका १ दिला की बाहेर १, मग अर्धा, मग पाव, मग एक अष्टमांश असे पडसाद निघतात. खोलीसारखंच वाटतं. पण गाणं सोडलं की गोची कळते. ज्या सुराच्या लहरी फेरीच्या वेळेत पूर्ण आकड्यात बसतात, त्या परत येताना नव्या लहरींना नेमक्या जाऊन मिळतात आणि तो सूर दुप्पट होतो. ज्यांची अर्धी लहर उरते, त्या एकमेकींना खोडतात आणि तो सूर दोन तृतीयांशावर येतो. डिले ५० मिलिसेकंदांचा असेल तर दर २० हर्ट्‌झला असा एक उंचवटा येतो. आलेख कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, म्हणून या रचनेला कोंब फिल्टर म्हणतात. कानाला ती पत्र्याच्या नळीतून आल्यासारखी लागते.

यावर दोघांनी काढलेला उपाय म्हणजे आणखी एक ॲडर. आज ते चित्र बहुधा असं काढतात. आत येणारा आवाज `x` पहिल्या ॲडरमध्ये जातो. त्या ॲडरचं उत्तर डिलेमध्ये शिरतं. डिलेतून जे बाहेर पडतं ते अर्धं होऊन पहिल्या ॲडरकडे परत येतं. इथवर जुनंच आहे. आता दुसरा ॲडर. त्यात दोन गोष्टी येतात: डिलेतून बाहेर पडलेलं जसंच्या तसं, आणि डिलेत शिरण्याआधीचं, अर्धं करून, उणे चिन्ह लावून. या दुसऱ्या ॲडरचं उत्तर म्हणजे `y`, आपला बाहेरचा आवाज.

असं चित्र समोर आलं की बहुतेक जण थेट `x` आणि `y` यांचं नातं लिहायला जातात, आणि तिथेच गुंता होतो. मी विद्यार्थ्यांना आधी एकच गोष्ट करायला लावतो: प्रत्येक ॲडरच्या तोंडाशी जे बाहेर पडतं त्याला नाव द्या. इथे पहिल्या ॲडरच्या उत्तराला `w` म्हणू. मग प्रत्येक ॲडर म्हणजे एक वाक्य. बाण जितके आत येतात तितक्या गोष्टींची बेरीज, बस.

```
w[n] = x[n] + 0.5 w[n-1]
y[n] = -0.5 w[n] + w[n-1]
```

`n` म्हणजे घड्याळाचा कितवा ठोका, आणि `n-1` म्हणजे त्याच्या आधीचा. हातानं करायला सोपं जावं म्हणून डिले एकाच घराचा धरला आहे. खरा डिले शेकडो घरांचा असतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० घरं असतात, तेव्हा ५ मिलिसेकंद म्हणजे सुमारे २२०. त्यामुळे हिशेब बदलत नाही, मधे शून्यं वाढतात.

आता टाळी वाजवू. सुरुवातीला डिले रिकामा असला पाहिजे. आधीचं काही उरलं असेल तर त्याचा आवाज आपल्या नोंदीत मिसळेल. `x` ला पहिल्या क्षणी १ आणि नंतर कायम ०.

```
n    x    w        y
0    1    1       -0.5
1    0    0.5      0.75
2    0    0.25     0.375
3    0    0.125    0.1875
```

दुसरी ओळ जवळून पाहा. पहिल्या क्षणीचा १ डिलेतून आता बाहेर आला. तो अर्धा होऊन पहिल्या ॲडरकडे गेला, म्हणून `w` झाला ०.५. दुसऱ्या ॲडरकडे तोच १ पूर्ण गेला, आणि सोबत `w` चा अर्धा म्हणजे ०.२५ उणे होऊन गेला. उरले ०.७५. पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या निम्मी. शेवटचा रकाना हा इम्पल्स रिस्पॉन्स: आधी उलट्या दिशेचा अर्धा ठोका, मग पाऊण, आणि मग तो अर्धा अर्धा होत जातो.

रकाना कधीच संपत नाही, म्हणून तो सबंध एका ओळीत मांडायची सोय हवी. डिलेच्या खोक्याला एक अक्षर देऊ, `d`. `d` ने गुणणे म्हणजे एक घर उशिरा पोचवणे. दोन घरं उशीर म्हणजे `d` चा वर्ग. पाठ्यपुस्तकात याच ठिकाणी `z^-1` लिहितात, अर्थ तोच. वरची दोन वाक्यं आता साध्या बीजगणितात येतात. पहिल्यात `w` दोन्ही बाजूंना आहे, तो एका बाजूला आणून भागाकार करू, आणि दुसऱ्या वाक्यात घालू.

```
W = X / (1 - 0.5 d)
Y = (-0.5 + d) W
H = Y / X = (-0.5 + d) / (1 - 0.5 d)
```

हे `H` म्हणजे ट्रान्सफर फंक्शन. छेदात फेऱ्या घालणारी वाट दिसते, अंशात पुढे जाणाऱ्या वाटा. आणि शाळेतला लांब भागाकार केला, तर −०.५, मग ०.७५`d`, मग ०.३७५`d` चा वर्ग, असंच बाहेर पडत जातं. टाळीचा अख्खा रकाना या एका अपूर्णांकात घडी घालून ठेवलेला असतो.

दोन वाटांनी आलेलं उत्तर जुळतं का, हे पाहायची सवय फार कामाची आहे. एका मुलीच्या वहीत परतीचा बाण `w` ऐवजी `y` पासून निघालेला होता. चित्रात दोन्ही रेषा जवळून जातात, डोळा फसतो. समीकरण सुबक दिसत होतं. पण त्या बाणाने टाळी चालवली की दुसऱ्या ओळीत `w` येतो −०.२५ आणि `y` येतो १.१२५. इथेच थांबायला हवं, कारण या रचनेत येणाऱ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज १ च्या वर जाऊच शकत नाही. आपल्या रकान्यात ती पाहा: ०.२५ अधिक ०.५६२५, पुढचं प्रत्येक पद आधीच्याच्या पाव, सगळं मिळून नेमका १. आत आलेली ऊर्जा तेवढीच बाहेर गेली, फक्त वेळेत पसरून. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उणे चिन्ह विसरणं. मग वर्गांची बेरीज २.३३ च्या पुढे जाते आणि काही सूर तिप्पट तर काही एक तृतीयांश होतात, म्हणजे ज्या रंगाला टाळायचं तोच अधिक गडद होतो.

पण सगळे सूर सारखे का जातात, हे बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी `d` कडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. एकसारखा लांबलेला सूर डिलेतून गेला की लहान-मोठा होत नाही, फक्त मागे सरकतो. घड्याळाचा काटा फिरावा तसा. म्हणून दर सुरासाठी `d` हा एकक वर्तुळावरचा एक बिंदू असतो. मधल्या आडव्या रेषेवर केंद्रापासून ०.५ अंतरावर एक खूण करा. अंश म्हणजे `d` पासून त्या खुणेपर्यंतचं अंतर. छेदाचं गणित उलगडलं तर तो निघतो `d` च्या आरशातल्या प्रतिमेपासून त्याच खुणेपर्यंतचं अंतर, आणि आरसा त्या आडव्या रेषेवरच ठेवलेला आहे. खूण रेषेवर असल्यामुळे दोन्ही अंतरं सारखी. भागाकार दर वेळी १. सूर कोणताही असो, ना चढतो ना उतरतो, फक्त त्याची वेळ सरकते. म्हणून याला ऑलपास म्हणतात, आणि त्या दोघांनी आपल्या घुमाऱ्याला रंगहीन म्हटलं. ही सूक्ष्म जुळणी अर्ध्या-अर्ध्यामुळे आलेली नाही. दोन्ही गुणक एकच संख्या असून चिन्हं उलट असावीत, एवढीच अट आहे. गुणकाला मात्र एक मर्यादा पाळावीच लागते: तो १ च्या आत हवा. १ झाला की फेरी मारणारा आवाज कधीच विरत नाही, आणि १ च्या वर गेला की टाळी दर फेरीला मोठी होते.

रंग नसला तरी एकटा ऑलपास खोलीसारखा वाटत नाही. लांबलेल्या सुराला तो निर्मळ असतो, पण तबल्याचा थाप सोडला आणि डिले ५० मिलिसेकंदांचा असला, तर कान प्रत्येक पडसाद सुटा ऐकतो, तडतड होते. श्रोडरचा अंदाज होता की सेकंदाला सुमारे हजार पडसाद असले तर कान मोजणं सोडून देतो. १९६२ च्या रचनेत त्याने चार कोंब फिल्टर शेजारी शेजारी ठेवून त्यांची उत्तरं बेरजेत घेतली. त्यांचे डिले ३० ते ४५ मिलिसेकंदांच्या दरम्यान, एकमेकांशी न जुळणारे, म्हणजे एकाचा उंचवटा दुसऱ्यावर चढू नये. प्रत्येकातून सेकंदाला साधारण पंचवीस-तीस पडसाद, चौघांचे मिळून शंभराच्या आसपास. मग त्यांच्यामागे एकापाठोपाठ दोन ऑलपास, डिले ५ आणि १.७ मिलिसेकंद, गुणक ०.७. त्या गुणकाने वरचा तक्ता पुन्हा करून पाहा: −०.७, मग ०.५१, मग ०.३५७, मग ०.२५ आणि पुढे क्षीण. म्हणजे आत आलेल्या प्रत्येक पडसादाचे ठळक असे तीन तरी होतात. एकापाठोपाठ असलेल्या खोक्यांची ट्रान्सफर फंक्शन्स गुणली जातात, तसेच हे पडसादही: शंभराचे तीनशे, तीनशेचे नऊशे.