रेनकोटचे शब्द एप्रिलमध्येच

पुण्यातला एक दुकानदार स्वतःच्या वेबसाइटवर रेनकोट विकतो, असं धरू. मालाची ऑर्डर तो मार्चमध्येच देऊन ठेवतो. पण वेबसाइटच्या पानावर ‘बाइकसाठी रेनकोट’, ‘शाळेच्या मुलांचा रेनकोट’ हे शब्द घालायची आठवण त्याला पहिली सर कोसळल्यावर होते. तोवर उशीर झालेला असतो. बदललेलं पान गूगलनं पुन्हा वाचायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. वरच्या निकालांत जागा मिळायला तर त्याहून जास्त.

मग वेळ कशी धरायची? गूगल ट्रेंड्स मोफत आहे. तिथे raincoat टाइप करावं, प्रदेश महाराष्ट्र आणि काळ पाच वर्षांचा निवडावा. आलेखातला १०० हा आकडा शोधांची संख्या सांगत नाही. त्या काळातल्या सर्वोच्च आठवड्याला १०० धरून बाकीचे आठवडे त्या प्रमाणात दाखवलेले असतात. सगळ्यांची नजर शिखरावर जाते, पण कामाचा आठवडा वेगळाच असतो: रेषा सपाटी सोडून वर वळते तो. प्रत्येक वर्षाचा तो आठवडा कागदावर उतरवावा. समजा, सर्वांत लवकरचा मेच्या तिसऱ्या आठवड्यात निघाला, तर सहा आठवडे मागे जाऊन एप्रिलच्या सुरुवातीला शब्द घालावेत.

इथे सरासरी काढू नये. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ मध्ये २५ जूनला पोहोचला आणि २०२५ मध्ये २६ मेलाच. या दोन तारखांची सरासरी दोन्ही वर्षी चुकली असती. पानावरचे शब्द लवकर घातल्यानं काही बिघडत नाही, म्हणून त्यांना लवकरचं वर्ष प्रमाण मानावं. जाहिरातीला मात्र दर क्लिकला पैसे पडतात. ती चालू वर्षाची रेषा खरंच चढू लागली की सुरू करावी. रेषेचं टोक तुटक दिसत असेल तर ती माहिती अजून अपुरी आहे, तिच्यावर विसंबू नये.

शोधांची संख्या गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये मिळते, पण तिथला ठळक आकडा बारा महिन्यांची सरासरी असतो. एखाद्या शब्दाचे वर्षभरात १२,००० शोध असतील तर सरासरी १,००० दिसेल. प्रत्यक्षात एकट्या जूनमध्ये ५,००० आणि फेब्रुवारीत जेमतेम १०० असू शकतात. सरासरी बघून चांगला शब्द सोडून दिला जातो. महिन्यांचे स्तंभ उघडून पाहावेत.

सप्टेंबर संपला म्हणून पान काढून टाकू नये. पत्ता तोच राहिला तर पुढच्या वर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

थंडीच्या मालाला हीच रीत चालते. लग्नसराईचं गणित मात्र वेगळं, कारण ती पंचांगानुसार सरकते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात सहसा लग्नं लागत नाहीत. त्यामुळे ‘नऊवारी साडी’ किंवा ‘लग्नाची पैठणी’ यांचा २०२५ च्या मे-जूनचा आलेख २०२६ ला जसाच्या तसा लावता येत नाही. आधी मुहूर्तांच्या तारखा मांडाव्यात आणि आठवडे त्यांच्यापासून मागे मोजावेत.