रेपो उतरला, हप्ता कधी उतरणार?

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी 6 जून 2025 रोजी रेपो दर अर्ध्या टक्क्याने खाली आणला. फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये पाव-पाव टक्का आधीच कमी झाला होता. म्हणजे साडेसहावरचा दर चार महिन्यांत साडेपाचवर आला. बँकांना रिझर्व्ह बँकेकडून थोड्या दिवसांसाठी उसने पैसे मिळतात, त्याचा हा दर. पण तो घराच्या हप्त्यात कधी दिसेल, हे प्रत्येकाच्या कर्जावर ठरतं.

मंजुरीपत्र काढून त्यात व्याजदर कशाला जोडला आहे ते पाहावं. 1 ऑक्टोबर 2019 नंतर बँकांनी दिलेली बदलत्या व्याजाची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा त्यांचा दर बदलावाच लागतो. पत्रात ‘एमसीएलआर’ लिहिलं असेल, तर दर बदलण्याची तारीख सहा महिन्यांनी किंवा वर्षाने येते आणि कपातही हप्त्याहप्त्याने झिरपते. गृहवित्त कंपन्यांना रेपोशी जोडण्याची सक्ती नाही. तिथे पाठपुरावा स्वतःच करावा लागतो.

आता हिशेब. वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी 30 लाखांचं कर्ज नुकतंच घेतलं आहे असं धरू. हप्ता 26,035 रुपये. दर साडेसातवर आला, की हप्ता 24,168 होतो, महिन्याला सुमारे 1,867 रुपये हाताशी राहतात. पण हप्ता तोच ठेवला, तर 240 महिन्यांचं कर्ज साधारण 205 महिन्यांत फिटतं आणि व्याजाचे जवळपास पावणेपाच लाख वाचतात. घरखर्चाची ओढाताण नसेल, तर हप्ता कमी करून घेऊ नये. दर बदलल्यावर कर्जाच्या विवरणात उरलेले महिने किती, हा आकडा जरूर तपासावा. 2022-23 मध्ये दर चढले, तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली होती.

त्याच घरातल्या निवृत्त वडिलांना ही बातमी गोड लागत नाही. त्यांची जुनी मुदत ठेव मुदत संपेपर्यंत ठरल्या दरानेच चालते. फटका बसतो तो नूतनीकरणाच्या दिवशी. 15 लाखांवर अर्धा टक्का कमी मिळाला, तर वर्षाचे 7,500 रुपये गेले, औषधांच्या बिलाला लागणारे. बचत खात्यात पडून राहिलेल्या पैशाचं तर आणखी वाईट: स्टेट बँकेने जूनमध्ये हा दर अडीच टक्क्यांवर आणला.

टपाल खात्याच्या योजनांचे दर मात्र रिझर्व्ह बँक नाही, अर्थ मंत्रालय ठरवतं, दर तिमाहीला. जुलै 2025 च्या तिमाहीत ते बदलले नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजना 8.2 टक्क्यांवरच राहिली. त्यात 15 लाख ठेवले, तर दर तिमाहीला 30,750 रुपये खात्यात येतात, आणि पुढे दर घसरला तरी पाच वर्षं ही रक्कम बदलत नाही.