अठ्ठेचाळीस चौरस फुटांची हरकत

दक्षिण मुंबईतल्या जुन्या चाळीचा पुनर्विकास ठरला की प्रत्येक भाडेकरूच्या हाती एक पत्र पडते. त्यात नाव, खोली क्रमांक, सध्याचे क्षेत्रफळ आणि नव्या इमारतीत मिळणाऱ्या घराचे क्षेत्रफळ असते. बहुतेक कुटुंबे शेवटचा आकडा आधी वाचतात आणि तो कमी वाटला तर त्यावरच भांडतात. खरा वाद मात्र बहुधा त्याच्या आधीच्या रकान्यात, ‘सध्याचे क्षेत्रफळ’ या आकड्यात दडलेला असतो. तिथे चूक असेल तर पुढचा सगळा हिशोब चुकतो, आणि ती चूक दुरुस्त करण्याचा अधिकार बिल्डरला नसून म्हाडाच्या मंडळाला असतो.

हे मंडळ म्हणजे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ. जुन्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घेण्याची पद्धत १९६९च्या कायद्याने सुरू झाली, म्हणून या इमारतींना उपकरप्राप्त किंवा बोलीभाषेत ‘सेसवाल्या’ म्हणतात. १ सप्टेंबर १९४०पूर्वी बांधलेल्या इमारती अ वर्गात येतात. गिरगाव, काळबादेवी, भायखळा, परळ भागातल्या बहुसंख्य चाळी याच वर्गातल्या. त्यांचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतल्या विनियम ३३(७) खाली होतो.

या विनियमाचा गाभा सोपा आहे. निवासी भाडेकरूला जुन्या घरात जितका कार्पेट एरिया होता तितका नव्या घरात मोफत आणि मालकी हक्काने मिळतो. जुने घर कितीही लहान असले तरी नवे घर ३०० चौरस फुटांपेक्षा कमी असू शकत नाही. वरची मर्यादा १२० चौरस मीटर म्हणजे १,२९२ चौरस फूट. त्यापुढच्या क्षेत्रासाठी भाडेकरूने बांधकाम खर्च द्यायचा असतो. इमारतीत कोण राहते आणि प्रत्येकाकडे किती जागा आहे, याची यादी मंडळ प्रमाणित करते. बिल्डरचा प्रस्ताव उभा राहतो तो या यादीवर.

म्हणून हरकतीचे पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी लागते: क्षेत्रफळाच्या वादाने आपल्या पदरात काही वाढणार आहे का? एखाद्याची खोली यादीत १८० चौरस फूट लागली असेल आणि टेप लावल्यावर ती २२० भरत असेल, तरी त्याला दोन्ही हिशोबांनी किमान ३०० फुटांचाच हक्क मिळतो. त्याचे पत्र बरोबर असूनही निष्फळ ठरेल. ज्याची जागा मोजणीने तीनशेच्या वर जाते, त्याच्यासाठी मात्र प्रत्येक फूट मोलाचा आहे.

समजा, गिरगावातल्या अ वर्गाच्या चाळीत एका कुटुंबाकडे दोन खोल्या आहेत. बाहेरची १२ बाय १४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. आतली १२ बाय ११, म्हणजे १३२. बेरीज बरोबर ३००. आतल्या खोलीच्या मागे १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी पडवी आहे. तिला दार त्याच खोलीतून आहे, दुसऱ्या कुणाची ये-जा तिथून नाही, आणि जुन्या भाडेपावतीवर ‘दोन खोल्या व पडवी’ असे मालकाच्या हातचे लिहिलेले आहे. यादी करताना ही ४८ चौरस फुटांची पडवी सुटली. यादीत आकडा पडला ३००.

हा आकडा नेमका किमान मर्यादेइतकाच असल्यामुळे कुणालाच खटकत नाही. बिल्डरच्या पत्रात नवे घर ४०५ चौरस फूट दाखवलेले असते. तीनशेचे चारशे पाच झाले म्हणून घरात आनंद असतो. वरचे १०५ फूट कुठून आले हे मात्र समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या नियमावलीत निवासी बांधकामाला ३५ टक्के जादा क्षेत्र मिळते, त्याला सगळे ‘फंजिबल’ म्हणतात. पुनर्वसनाच्या घरांवरचे फंजिबल बिल्डरला अधिमूल्य न भरता मिळते, आणि नियमावलीने त्यावर अट घातली आहे की ते विक्रीच्या फ्लॅटांकडे वळवायचे नाही, भाडेकरूंना त्यांच्या हक्काच्या वर द्यायचे आहे. त्यामुळे ३०० वर ३५ टक्के धरून ४०५ हा आकडा नियमाने येतो, औदार्याने नाही.

आता यादीतला आकडा दुरुस्त करून पाहू. ३०० अधिक ४८ म्हणजे ३४८. त्यावर ३५ टक्के म्हणजे आणखी १२१ फूट आणि वर थोडे. एकूण साधारण ४७०. फंजिबलची मोजदाद बांधीव क्षेत्रावर होत असल्याने हातात येणारा कार्पेट थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. पण सुटलेल्या पडवीमुळे नव्या घरात सुमारे ६५ चौरस फुटांचा फरक पडतो हे नक्की. गिरगावात ही एका लहान खोलीची जागा आहे.

या कुटुंबाचे पत्र ‘मा. मुख्य अधिकारी, मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, गृहनिर्माण भवन, कलानगर, वांद्रे (पूर्व)’ यांच्या नावे जाईल. प्रती विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला, नियोजित सोसायटीला आणि बिल्डरला. विषयाच्या ओळीतच मागणी यावी: ‘प्रमाणित यादीतील खोली क्रमांक अमुक यांच्या क्षेत्रफळाची दुरुस्ती व संयुक्त मोजणीबाबत.’ पहिला परिच्छेद असा असू शकतो: ‘आमचा इमारतीच्या पुनर्विकासास विरोध नाही. यादीत आमच्या ताब्यातील क्षेत्र ३०० चौ. फूट नमूद आहे. प्रत्यक्षात ते ३४८ चौ. फूट असून १२ फूट × ४ फूट मापाची पडवी मोजणीतून वगळली गेली आहे.’ दुसऱ्या परिच्छेदात पुरावे, तिसऱ्यात मागणी: अभियंता, बिल्डरचा वास्तुविशारद आणि भाडेकरू यांच्या उपस्थितीत जागेची मोजणी करावी आणि यादी दुरुस्त होईपर्यंत आमच्या गाळ्याचा ३०० हा आकडा अंतिम धरू नये.

पुराव्यात भाडेपावत्या सर्वांत पुढे ठेवाव्यात, त्यातही जुन्यातली जुनी पावती. सोबत महापालिकेच्या करनिर्धारण खात्याचा तपासणी उतारा, वीजबिल, शिधापत्रिका आणि मापे लिहिलेला साधा नकाशा. फोटो असे काढावेत की पडवीचे दार खोलीतच उघडते हे दिसेल. मंडळाचा अभियंता नेमके हेच पाहतो. पडवी चार बिऱ्हाडांच्या वापरातली असेल, किंवा सामायिक गॅलरीला नंतर पत्रे लावून ती आत घेतलेली असेल, तर ती बहुधा मोजणीत येणार नाही. अधिकृत नोंद नसलेल्या पोटमाळ्याचेही तसेच. असा कच्चा दावा पत्रात घातला तर पक्क्या दाव्याचे वजनही कमी होते.

अशी पत्रे फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे त्यांत सगळ्या तक्रारी एकत्र येतात. मजला वरचा हवा, पूर्वेची खिडकी हवी, कॉर्पस वाढवून हवा, टाइल्स चांगल्या हव्यात, दोन भावांना दोन घरे हवीत. मजला, दिशा, टाइल्स या बोलणीच्या गोष्टी आहेत; त्या सोसायटीने बिल्डरशी ठरवायच्या आणि करारात लिहून घ्यायच्या. एका भाडेदारीला एकच घर मिळते, आणि १३ जून १९९६नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी या योजनेत धरली जात नाही. त्यामुळे भावांच्या वाटण्या मंडळापुढे चालत नाहीत.

‘बीडीडीवाल्यांना पाचशे फूट, मग आम्हाला का नाही?’ हा प्रश्नही पत्रात वारंवार येतो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर दिले जाते हे खरे आहे. पण त्या चाळी सरकारी जमिनीवर आहेत, त्यांचा पुनर्विकास म्हाडा स्वतः करते आणि त्यांच्यासाठी ३३(९)(ब) हा वेगळा विनियम आहे. तिथला आकडा ३३(७)च्या प्रकरणात हक्क म्हणून मागता येत नाही.

वेळ चुकली तर चांगले पत्रही वाया जाते. पुनर्विकासासाठी पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागे, आता ५१ टक्के पुरते, आणि नियमानुसार ही संमती मागे घेता येत नाही. म्हणून संमतिपत्रावर सही करतानाच क्षेत्रफळाचा रकाना वाचावा आणि ‘क्षेत्रफळाबाबतची हरकत कायम ठेवून’ असे शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत. एकदा पुरेशी संमती जमून मंडळाने ना हरकत प्रमाणपत्र दिले की म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ नुसार जागा रिकामी करणे सर्वांना बंधनकारक होते. संमती न देणाऱ्यालाही. त्याच कलमाने प्रमाणपत्रधारकावर रहिवाशांना तात्पुरती पर्यायी जागा देण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा घर अडवून धरल्याने क्षेत्रफळाचा वाद सुटत नाही, उलट सक्तीने बाहेर काढले जाण्याची वेळ येते.

मोजणी मात्र इमारत उभी असतानाच व्हायला हवी. चाळ पाडली की पडवी होती की नव्हती हे दाखवायला फक्त कागद उरतो. मंडळाकडून वेळेत कुणी आले नाही, तर नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून मोजमाप करून त्याचा सही-शिक्क्याचा नकाशा दुसऱ्या पत्रासोबत जोडता येतो.

पत्र आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्यावा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह तीन गोष्टी मागता येतात: प्रमाणित यादीतील आपल्या गाळ्याची नोंद, त्या नोंदीमागचा मोजणीचा कागद आणि आपल्या पत्रावर झालेली कार्यवाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि अनेकदा मोजणीचा मूळ कागद हाती आला की चूक कुठे झाली ते स्पष्ट दिसते.

यादीत ३४८ आकडा लागला तरी काम संपत नाही. कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात तोच आकडा उतरला आहे का, नव्या घराचे क्षेत्र कार्पेट म्हणून लिहिले आहे की बाल्कनीसह ‘एकूण’ म्हणून, हे पाहावे लागते. रेरा कायद्यातल्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरल्या जातात, बाल्कनी धरली जात नाही. करारासोबत खोल्यांची मापे दाखवणारा नकाशा जोडून घ्यावा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, ६७२ रहिवाशांनी २००८च्या करारानंतर घरे सोडली. काम रखडले, बिल्डरकडून मिळणारे भाडे थांबले आणि २०१८मध्ये म्हाडाला प्रकल्प हाती घ्यावा लागला. ती म्हाडाची वसाहत होती, उपकरप्राप्त चाळ नव्हे. पण तात्पुरत्या घराचे भाडे ताबा मिळेपर्यंत कोण, किती आणि कोणत्या तारखेला देणार, हे कलम करारात किती बारकाईने वाचायला हवे ते तिथे दिसले. गिरगावच्या कुटुंबाने हे कलम, ३४८चा आकडा आणि मापांचा नकाशा, तिन्ही करारात असल्याची खात्री करूनच नोंदणीला जावे.