उपवासाचे पीठ आणि पावसाळ्याची ओल

आषाढी एकादशी जवळ आली की आमच्या मांडवीचा नूर पालटतो. विठ्ठल मंदिरातून निघणाऱ्या वरघोड्याची तयारी एकीकडे चालते आणि दुसरीकडे चारही दरवाजांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील किराण्याच्या दुकानांपुढे उपवासाच्या जिनसांची पोती मांडली जातात. साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ आणि आपण ज्याला वरई किंवा भगर म्हणतो व इथला दुकानदार ज्याला ‘मोरैयो’ म्हणतो, ते बारीक पांढरे धान्य. गेल्या काही वर्षांत या पंक्तीत उत्तरेकडचे कुट्टूचे पीठही येऊन बसले आहे. आपल्या आज्यांनी त्याचे नावही ऐकले नसेल. पण आज बडोद्यातील पुष्कळ मराठी घरांत त्याची थालिपिठे होतात.

या पंक्तीकडे पाहून आमच्या मनात दरवर्षी एकच प्रश्न येतो : हे पीठ दळले केव्हा? आज त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे योजिले आहे, कारण उपवासाच्या अन्नातून होणाऱ्या सामुदायिक विषबाधांचे मूळ बहुतांशी याच प्रश्नात दडलेले असते.

महाराष्ट्रातील एक प्रसंग वाचकांना आठवत असेल. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, माघातील एकादशीला, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा या गावी हरिनाम सप्ताहानिमित्त भगर आणि आमटीचा फराळ झाला. रात्री पोटदुखी, उलट्या आणि जुलाब यांनी शेकडो माणसे आजारी पडली. बिबी येथील ग्रामीण रुग्णालयातील खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा बाहेर उघड्यावर रुग्णांना झोपवून, झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. पुढे २३ सप्टेंबर २०२५ रोजी, शारदीय नवरात्र सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, दिल्लीतील जहांगीरपुरी व आसपासच्या वस्त्यांतून दीडशे ते दोनशे माणसे उलट्या आणि अस्वस्थपणाची तक्रार घेऊन एकाच रुग्णालयात आली. सर्वांनी कुट्टूच्या पिठाचे पदार्थ खाल्ले होते. एप्रिल २०११ मध्ये चैत्री नवरात्रातही दिल्ली, गाझियाबाद आणि मेरठ या भागांत असेच घडले होते.

ठिकाणे निराळी, धान्ये निराळी, पण प्रसंग नेहमी उपवासाचाच. असे का व्हावे? गव्हाचे पीठ आपण रोज खातो. दुकानात ते टिकत नाही. पोते उघडले की आठवड्यात संपते. उपवासाच्या पिठाचे तसे नसते. महाशिवरात्रीला त्याला गिऱ्हाईक असते, मग मध्ये महिनोन्‌महिने फारसे कोणी विचारीत नाही. २०२४ मधील तिथी घेऊन पाहू. महाशिवरात्र ८ मार्चला होती आणि आषाढी १७ जुलैला. शिवरात्रीसाठी दळलेले पीठ उरले आणि आषाढीला पुन्हा विक्रीस निघाले, तर ते चार महिन्यांहून अधिक जुने झाले. त्यात वैशाखाचा उकाडा आणि मृगाची ओल ही दोन्ही त्याने पोटात घेतली. कुट्टूचे पीठ तर दळल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवावे असे जाणकार सांगतात. मग सणाच्या दिवशी हेच पीठ शेकडो घरांत एकाच वेळी जाते. एका गिरणीतला एक घाणा दहा दुकानांत वाटला गेलेला असतो, पोटे रिकामी असतात आणि दिवसभराचा आहार त्या एका जिनसावरच असतो. एरवी एखाद्या घरापुरता राहणारा उपद्रव म्हणूनच वस्तीभर पसरतो.

धान्याचा दाणा अखंड असतो तोवर त्याचे टरफल त्याचे रक्षण करते. दळताच ते कवच जाते, दाण्यातला तेलकट अंश हवेशी भिडतो व खवट होऊ लागतो, आणि पीठ हवेतील ओल शोषते. ओल आणि उष्णता एकत्र आल्या की बुरशी वाढते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने भगरीविषयी काढलेल्या सूचनांत अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीचे नाव येते आणि तिच्यामुळे फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये निर्माण होतात असे म्हटले आहे. अशा बुरशीजन्य विषांचे पोटाबरोबरच मज्जासंस्थेवरही परिणाम होतात : भोवळ येते, हातपाय कापतात, तोल जातो. भगरीचेच भावंड म्हणावे अशा कोद्रूचे उदाहरण ताजे आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड अभयारण्यात दहा हत्ती मेले. त्यांनी शेतातील कोद्रू पुष्कळ खाल्ला होता आणि तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझॉनिक आम्ल हे बुरशीचे विष आढळले.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. बुरशी आगीने मरते, पण तिने आधीच सोडलेले विष तव्याच्या किंवा कढईच्या उष्णतेने नाहीसे होत नाही. हा धडा आमच्या घरच्यांनीच घेतला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला मोठा पूर आला, तेव्हा आमच्या धाकट्या भगिनीच्या घरात कमरेएवढे पाणी होते. पिठाचा डबा वरच्या फळीवर होता. त्याला पाणी लागले नाही, म्हणून तो टाकून देण्याचे कोणाच्या मनात आले नाही. परंतु घर पंधरा दिवस ओले होते. ३ ऑक्टोबरला घटस्थापना झाली. भगिनीने त्या डब्यातील कुट्टू आणि भगरीच्या पिठाची थालिपिठे केली. पिठाला किंचित कुबट वास येत होता, म्हणून ती तुपावर चांगली खरपूस भाजली. दीड-दोन तासांत तिला आणि आमच्या भाच्याला भोवळ येऊ लागली, हात कापू लागले, मग उलट्या सुरू झाल्या. मेहुण्यांनी मात्र साबुदाण्याची खिचडी आणि दूध एवढेच घेतले होते. त्यांना काहीच झाले नाही. खिचडी तर तिघांनीही खाल्ली होती. थालिपीठ फक्त दोघांनी. दोष कशात होता हे एवढ्यावरूनच उमगले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली, सलाईन लागले आणि दुसऱ्या दिवशी दोघेही घरी आली. मागाहून पीठ चाळले तेव्हा चाळणीत मऊ गुठळ्या आणि बारीक जाळी राहिली.

कुट्टूच्या बाबतीत ही लबाडी ओळखणे विशेष कठीण. ते खरे पाहता तृणधान्यच नव्हे. आपल्या भाजीतील आंबट चुक्याच्या कुळातले ते झुडूप हिमालयाच्या उतारांवर पिकते. त्याचे बी काळपट आणि त्रिकोणी असते, त्यामुळे पीठही करड्या रंगाचे व टरफलाचे काळे कण असलेले निघते. शिंगाड्याच्या पांढऱ्या पिठात बुरशीचा ठिपका चटकन दिसेल, पण कुट्टूच्या करड्या रंगात तो लपतो. दुसरा धोका धोत्र्याचा. शेतात पिकाबरोबर वाढलेल्या धोत्र्याचे बी मळणीत मिसळते. २००३ साली युरोपातील स्लोव्हेनिया देशात अशा धोत्रामिश्रित कुट्टूच्या पिठाने अनेकांना विषबाधा झाली होती. अखंड धान्यात धोत्र्याचे बी चपटे आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे दिसते, कुट्टूचा दाणा तीन कडांचा असतो. तेव्हा निवडणाऱ्या डोळ्यांना फरक कळतो. पिठात तो कोणालाच कळत नाही.

यावरून खरेदीची रीत आपोआप ठरते. शक्य असेल तेथे पीठ न घेता अखंड धान्य घ्यावे, ताटात पसरून निवडावे, दोन-तीन तास कडक उन्हात ठेवावे, थंड झाल्यावर दळावे, आणि तेही त्या सणापुरतेच. घरातील चार माणसांच्या एका एकादशीला अर्धा किलो पीठ पुरून उरते. गिरणीत दळायचे असल्यास जात्यातले आधीचे पीठ निघून जावे म्हणून आपले पहिले मूठ-दोन मूठ पीठ बाजूला काढावे. पीठच घ्यावे लागले तर सुट्या पोत्यातले घेऊ नये. बंद पाकिटावर उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरावे याची मुदत, घाण्याचा क्रमांक आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक हे सारे छापलेले असते. त्यांतील उत्पादनाची तारीख प्रथम वाचावी. महिन्यापूर्वीची असेल तर मुदत शिल्लक असली तरी कुट्टूचे पाकीट परत ठेवावे.

घरी आणल्यावर डबा कोरडा आणि थंड करूनच भरावा. ऊन पीठ भरले तर झाकणाच्या आतून घाम सुटतो. ओला चमचा घालू नये, जुन्या पिठावर नवे ओतू नये, आणि डब्यावर दळल्याची तारीख लिहून ठेवावी. चिमूटभर पीठ तळहातावर कोमट पाण्याच्या थेंबात चोळून हुंगावे. खवट किंवा कुबट वास आला, चाळताना गुठळी वा जाळी दिसली, तर ते टाकून द्यावे. चाखून पाहू नये आणि गुरांनाही घालू नये. मात्र वास नाही म्हणजे विष नाही असे समजू नये. या परीक्षेने वाईट पीठ कळते, चांगल्याची हमी मिळत नाही. पुराचे पाणी लागलेले धान्य तर कितीही वाळवले तरी खाण्याच्या कामाचे राहत नाही.

सामुदायिक फराळात आणखी एक गोष्ट घडते. सकाळी शिजवलेली भगर झाकून ठेवतात आणि कीर्तन संपल्यावर रात्री वाढतात. कोमट राहिलेल्या शिजल्या धान्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यांतील काहींचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांच्या आत वाढावे, नाहीतर वाफ निघत राहील इतके गरम ठेवावे.

इतके करूनही कोणाला त्रास झालाच, तर मुद्दाम उलटी करवू नये. माणूस शुद्धीवर असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. भोवळ, थरथर, कोरडे तोंड, विस्फारलेल्या बाहुल्या किंवा असंबद्ध बडबड दिसली तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. उरलेले पीठ आणि पाकीट फेकू नये. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना त्यातूनच घाणा सापडतो आणि तोच घाणा आणलेल्या इतर घरांना वेळीच सावध करता येते.

आमच्या भगिनीच्या स्वयंपाकघरात आता प्रत्येक डब्यावर कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. गेल्या एकादशीला आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा राजगिऱ्याच्या डब्यावरील तारीख वाचून दाखवल्याखेरीज भाच्याने आम्हांला पानावर बसू दिले नाही.